मदत हवी आहे: बांगडा वरून ताजा, तळाला मऊ

दादरला आमची दहा टेबलांची खानावळ आहे. बांगडा पहाटे भाऊच्या धक्क्यावरून टेम्पोने येतो. आजवर मी वरचेच चार मासे बघायचो. डोळा फुगीर, कल्ला लाल, की घेतला. परवा सहज टोपली उलटी केली, तर तळाला बर्फच नाही! तिथल्या बांगड्यांचे कल्ले तपकिरी, पोट दाबलं तर खड्डा तसाच. थर्मामीटर खुपसला, 12 अंश. सगळा माल परत केला.

माल देणारा म्हणतो, "तळून टाका, काही होत नाही." पण बांगडा, सुरमई, कुपा उबेत राहिले की हिस्टामिन तयार होतं आणि ते तळून जात नाही. गिऱ्हाईकाचं तोंड लाल, अंगावर पित्त, आणि बोल आम्हाला.

साठवणीचंही अडतंय. फ्रीज 4 अंशांवर लावलाय, पण दुपारच्या गर्दीत दार सारखं उघडून 8 वर जातो. म्हणून भोकाच्या ट्रेत बर्फाचा चुरा, मासे, वर पुन्हा चुरा ठेवतो, पाणी खालच्या ट्रेत गळतं. संध्याकाळपर्यंत बर्फ संपतो.

तुम्ही दिवसातून किती वेळा बर्फ भरता? बांगडा अख्खा ठेवता की साफ करून?