नोंद चुकल्यावर जाणारे पैसे: पण, अनामत, दंड की देणगी?

प्रश्न, फोंडा
आमच्या तबला-हार्मोनियमच्या वर्गातील काही जणांनी चवथीनंतर एक व्यवस्था सुरू केली आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस प्रत्येकाने खजिनदाराकडे ३०० रुपये ठेवायचे, रोज चाळीस मिनिटे रियाज करायचा आणि रात्री दहाच्या आत मोबाइलवर ‘झाला’ अशी नोंद करायची. नोंद आली नाही, तर त्या दिवसाचे २० रुपये गावच्या वाचनालयाला जातात आणि महिनाअखेर उरलेली रक्कम ज्याची त्याला परत मिळते. आठवणीचे संदेश आपोआप जावेत अशी सोय भाच्याने करून दिली असून तिच्यातला मजकूर मराठीत आणायचे काम माझ्याकडे आहे. स्वतःला असे बांधून घेण्याच्या व्यवस्थेला इंग्रजीत ‘कमिटमेंट डिव्हाइस’ म्हणतात, तिला मराठीत काय म्हणावे आणि त्या ३०० व २० रुपयांना कोणती नावे द्यावीत? सध्या संदेशात ‘दंड’ हा शब्द आहे, तो काहींना खटकतो.

पेडणे
नवा शब्द कशाला हवा? हा नवसच आहे. आपल्याकडे आंगवण म्हणतात, तीही हीच. माणूस काहीतरी बोलतो आणि त्यापोटी काही देणे लागतो.

निवृत्त शिक्षिका, म्हापसा
देणे लागण्यापुरते आपले म्हणणे बरोबर आहे, परंतु नवस फेडतात तो काम झाल्यावर, आणि इथे पैसे जातात ते काम न झाल्यावर. मूल परीक्षेत पास झाले म्हणून नारळ वाहणारा माणूस आनंदाने देतो. रियाज चुकला म्हणून २० रुपये देणारा चरफडत देतो, आणि व्यवस्थेला ती चरफडच हवी असते. मला ‘पण’ हा जुना शब्द जवळचा वाटतो. स्वयंवरातला पण आणि द्यूतात पणाला लावलेले राज्य, या दोन्हींत अट व पणाला लावलेली वस्तू आधी जाहीर झालेली असते. अडचण एवढीच की संदेशात ‘पण २० रुपये’ असे आले, तर वाचणारा उरलेल्या वाक्याची वाट पाहत बसेल. म्हणून ‘पणाची रक्कम’ असे पूर्ण लिहावे.

मडगाव
‘दंड’ काढून टाकावा असे माझेही मत आहे, मात्र कारण निराळे आहे. उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिचिनी यांनी इस्राएलमधील हैफा येथे दहा पाळणाघरांत केलेला प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी काही पाळणाघरांत, मुलाला न्यायला दहा मिनिटांहून अधिक उशीर करणाऱ्या पालकांना दहा शेकेल दंड लावला, तेव्हा उशीर कमी होण्याऐवजी वाढला, आणि दंड रद्द केल्यावरही तो पूर्वीच्या पातळीवर आला नाही. आधी शिक्षिकेला तिष्ठत ठेवण्याचा संकोच होता. दंड आल्यावर पालकांनी तो जादा वेळेचा दर मानला. तुमच्या वर्गातही ‘वीस रुपये भरले, आजचा रियाज सुटला’ असे कोणी म्हणू लागला, तर दंडाचा दर झाला असे समजावे.

देणगीमुळे तर हा धोका वाढतो, कारण वाचनालयाला पैसे गेले याचे समाधान चुकल्याची टोचणी बोथट करते. म्हणूनच अशीच व्यवस्था चालवणाऱ्या ‘स्टिक’ नावाच्या अमेरिकी संकेतस्थळावर, आपल्याला मुळीच न पटणाऱ्या संस्थेला पैसे जावेत असाही पर्याय ठेवलेला आहे. फोंड्यात असे काही करा असे मी सुचवत नाही. गावात भांडणे पुरेशी आहेत.

नावांबाबत, ३०० रुपयांना ‘अनामत’ म्हणावे. निवडणुकीमुळे ‘अनामत जप्त’ सगळ्यांच्या कानावरचे आहे आणि अट पाळल्यास अनामत परत मिळते हेही सर्वांना ठाऊक आहे. २० रुपयांना ‘देणगी’ म्हणता येईल, परंतु देण्याची इच्छा पहिल्या तारखेलाच वापरून झालेली असते. नोंद चुकल्यावर ‘देणगी द्यावी’ असे लिहिले, की माणूस द्यावी की न द्यावी याचा विचार करू लागतो. ‘अनामतीतून २० रुपये वाचनालयाला गेले’ असे लिहिले, की विचाराला जागा उरत नाही.

केपे
हे असे पैसे आपोआप जाणे मला अजिबात मान्य नाही. एका विमा हप्त्यासाठी मी बँकेला तशी परवानगी दिली होती, खात्यात रक्कम नव्हती, आणि हप्ता न गेल्याबद्दल बँकेने वर शुल्क कापले. त्यालाही संकल्पच म्हणायचे का?

मडगाव
नाही, ती केवळ वसुली झाली. तरी मुद्दा उपयोगी आहे. यूपीआय ऑटोपेमध्ये रक्कम कापण्याच्या २४ तास आधी ग्राहकाला कळवावे लागते, त्यामुळे रात्री दहाला चुकले आणि दहा वाजून एक मिनिटाने पैसे गेले असे त्या मार्गाने होत नाही. मधल्या वेळात माणूस परवानगीच रद्द करू शकतो. खजिनदाराकडे आधी ठेवलेल्या अनामतीला ही पळवाट नाही. मात्र हिशेब करून पाहा: वीस रुपयांप्रमाणे पंधरा चुकांत ३०० रुपये संपतात, आणि पंधरा तारखेलाच ज्याची अनामत संपली त्याला उरलेला महिना काहीच बांधत नाही. अशा वेळी नव्याने अनामत घ्यायची की त्याला महिनाभर मोकळे सोडायचे, हे नियमात आधी लिहून ठेवा.

निवृत्त शिक्षिका, म्हापसा
माझी शंका वेगळीच आहे. संदेशात ‘आपला रियाज चुकला’ असे लिहिणार असाल, तर ते खोटे ठरू शकते. चवथीला वाड्यावरच्या मूळ घरी गेलेला मुलगा आरतीला तासभर तबला वाजवतो आणि तिथे मोबाइलला रेंज नसते. त्याचा रियाज झाला, राहिली ती नोंद. ‘चुकला’ आणि ‘राहिली’ यांत आपली भाषा फरक करते, तर संदेशाने का करू नये?

मडगाव
बाईंनी नेमके दुखणे पकडले. पैसे जातात ते नोंद न आल्यामुळे, केवळ काम न झाल्यामुळे नव्हे. फिलिपिन्सच्या मिंडानाओ बेटावर धूम्रपान सोडू पाहणाऱ्यांसाठी एका बँकेने असे ठेव खाते उघडले होते. सहा महिन्यांनी लघवीची तपासणी होई आणि नापास झाल्यास ठेव धर्मादायास जाई. तिथे माणसाच्या शब्दावर काही अवलंबून नव्हते. तुमच्याकडे शब्दच पुरावा आहे, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ‘रियाज झाला होता, नोंद राहिली’ असे कळवण्याची मुभा असावी. याच कारणाने ‘संकल्प मोडला’ हे शब्दही टाळावेत. एकदा मोडलेच म्हटले, की पुष्कळ जण उरलेला आठवडा सोडून देतात.

आणि शेवटची आठवण पावणेदहाला पाठवू नका. चाळीस मिनिटांचे काम असेल, तर ती नऊ वाजता यावी. नंतरचा संदेश आठवण राहत नाही, केवळ सूचनापत्र होतो.

प्रश्न, फोंडा
आभारी आहे. नऊच्या संदेशासाठी हा मजकूर केला आहे: ‘आजच्या रियाजाची नोंद अद्याप आलेली नाही. रात्री दहापर्यंत न आल्यास अनामतीतून २० रुपये वाचनालयाला जातील.’ दहानंतरचा: ‘नोंद आली नाही. रियाज झाला असल्यास उद्या दुपारी बारापर्यंत कळवावे.’ संपूर्ण व्यवस्थेला ‘पणाची नोंद’ म्हणावे असे मनात आहे.

पेडणे
‘पणाची नोंद’ आमच्या वाड्यावर कोणाला कळणार नाही. आणि बारापर्यंत मुभा दिली, तर सगळेच रोज बाराला कळवतील.

निवृत्त शिक्षिका, म्हापसा
महिन्यातून दोनदाच मुभा द्यावी. नाव मात्र मुलांनाच विचारा. ती बहुधा ‘डिपॉझिट’ म्हणतील आणि मला ते ‘दंडा’पेक्षा बरे वाटेल.