मदत हवी आहे: लेख शब्दमर्यादेत बसवताना सगळीकडे सारखी कात्री लावली, आता लेखात जीव उरला नाही

पांझराकाठ
नमस्कार. पांझरा नदीवर बंधाऱ्याखालची जमीन फड नावाच्या मोठ्या पट्ट्यांत विभागून गाव मिळून पाणी वाटते, त्या फड पद्धतीविषयी मी लिहिलेला लेख फार लांबला असून तो रविवारपर्यंत कमी करून पाठवायचा आहे. कोणत्याही भागावर अन्याय होऊ नये म्हणून मी प्रत्येक भागातून सारख्याच प्रमाणात मजकूर काढला. शब्दसंख्या मर्यादेत आली, पण आता वाचताना लेख कोठेच पकड घेत नाही. चूक नेमकी कोठे झाली आणि दुरुस्तीला कोठून हात घालावा, हे कृपया सांगावे.

ग्रंथपाल, चाळीसगाव
मूळ लेख किती शब्दांचा होता, मर्यादा किती आहे आणि प्रत्येक भागाचे शब्द किती आहेत, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. तळटीपा आणि तक्ते मर्यादेत धरायचे की नाहीत, तेही कळवावे. लेख कोण वाचणार आहे, हे कळले तर अधिक बरे. एवढ्या माहितीशिवाय दिलेला सल्ला कोणत्याही लेखाला लागू पडेल आणि आपल्या लेखाच्या कामाला येणार नाही.

तापीतीर
अक्षराचा आकार १४ वरून १२ करावा आणि समास थोडे कमी करावेत. माझा अहवाल याच उपायाने अठरा पानांवरून चौदा पानांवर आला होता आणि एक शब्दही काढावा लागला नव्हता.

पांझराकाठ
तापीतीर, मर्यादा पानांची नसून शब्दांची आहे, त्यामुळे त्याचा उपयोग होणार नाही.

ग्रंथपाल महोदय, तपशील द्यायचे राहिले, क्षमस्व. मूळ लेख ९,६०० शब्दांचा आहे आणि मर्यादा ४,००० आहे. प्रस्तावना १,४००, खानदेशाचा इतिहास २,६००, बंधारा आणि पाटाची रचना १,८००, पाणीवाटप आणि कारभार १,५००, आजची स्थिती व मुलाखती १,७०० आणि समारोप ६००, अशी विभागणी आहे. प्रत्येक भाग मी सुमारे बेचाळीस टक्क्यांवर आणला. संपादकांना आताच दूरध्वनी करून विचारले. तक्ते मर्यादेबाहेर आहेत, तळटीपा मात्र धरल्या जातील. वाचक महाराष्ट्रभरातील, पाण्याच्या प्रश्नात रस असलेले पण शेतकरी नसलेले असे असतील.

जुना मुद्रितशोधक, जळगाव
आता बोलता येईल. पण आधी एका प्रश्नाचे उत्तर द्या. हा लेख वाचून झाल्यावर वाचकाच्या मनात एकच गोष्ट राहणार असेल, तर ती कोणती असावी?

पांझराकाठ
पाणी कमी असते त्या वर्षी प्रत्येक शेताला थोडे थोडे पाणी देण्याऐवजी एखादा फड पूर्ण कोरडा ठेवला जातो, आणि हा निर्णय गाव मान्य करते, कारण बहुतेक शेतकऱ्यांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी असते. तोटा कोणा एकाच्या वाट्याला येत नाही. हे बंधारे शतकानुशतके टिकले, त्यामागे दगडकामाइतकाच हा कारभारही आहे, असे माझे म्हणणे आहे.

जुना मुद्रितशोधक, जळगाव
मग तुमच्या लेखाचे सगळे म्हणणे पाणीवाटपाच्या भागात आहे. तो भाग १,५०० शब्दांवरून सुमारे सव्वासहाशेवर आला असेल आणि इतिहासाला त्याच वेळी जवळजवळ अकराशे शब्द मिळाले असतील. सारख्या प्रमाणात कापले की मूळ लेखातली असमतोल वाटणी तशीच राहते. तुम्ही इतिहास हौसेने लांबवला होता, ती हौस छोट्या लेखातही कायम राहिली आणि मुद्दा मात्र निम्म्याहून खाली गेला. पाणीवाटपाच्या भागातला मूळ परिच्छेद आणि कापलेला परिच्छेद, दोन्ही इथे देता का?

पांझराकाठ
मूळ: "पाणी कमी आले की पंच जमतात आणि चारपैकी कोणत्या फडांना पाणी द्यायचे ते ठरवतात. उरलेला फड त्या वर्षी पडीक राहतो. त्या फडात जवळजवळ प्रत्येकाचा तुकडा असल्यामुळे नुकसान सगळ्यांच्या वाट्याला येते, म्हणून पाटकऱ्याने पाणी बंद केले तरी भांडण होत नाही."

कापलेला: "पाणी कमी असल्यास पंच निर्णय घेतात व काही फड पडीक राहतात. त्यामुळे भांडणे होत नाहीत."

जुना मुद्रितशोधक, जळगाव
हे पाहा. "त्यामुळे" उरले, पण कशामुळे ते गेले. फड पडीक राहिला तर भांडण वाढायला हवे, असेच नवख्या वाचकाला वाटेल. प्रत्येक वाक्यातून दोन-चार शब्द काढताना हात आपोआप कारणांवर आणि उदाहरणांवर पडतो, कारण ती काढूनही व्याकरण बिघडत नाही. छोट्या केलेल्या मजकुरातले प्रत्येक "म्हणून", "त्यामुळे" आणि "तरीही" शोधावे, आणि त्याच्या आधी कारण शिल्लक आहे का ते पाहावे. कोठे जखम झाली ते यातून लगेच कळते.

आता वाटणी. कापलेली प्रत बाजूला ठेवा आणि मूळ ९,६०० शब्दांच्या प्रतीकडे परत जा. एका शब्दालाही हात लावण्यापूर्वी कागदावर ४,००० शब्द वाटा. त्यांतले २०० राखीव ठेवा, कारण भाग आखडल्यावर सांधे उघडे पडतात आणि ते भरायला शब्द लागतात. उरलेल्या ३,८०० पैकी पाणीवाटपाला १,३५० द्या, म्हणजे तो भाग जवळजवळ जसाच्या तसा राहील. पाणीवाटप समजण्यासाठी रचना कळावी लागते, म्हणून तिला ७५०. आजच्या स्थितीलाही ७५०. इतिहासाला ४५०, प्रस्तावनेला ३०० आणि समारोपाला २०० पुरावेत.

शिरपूरकर
मी लेखक नाही, शेतकरी आहे. पण भाऊ, तुमच्या लेखातच उत्तर आहे. पाणी कमी असेल तेव्हा जुनी माणसे एक फड कोरडा सोडत असत, सगळी पिके अर्धवट भिजवून वाळवत नसत. तुम्हीही तसेच करा. इतिहासाचा फड पडीक ठेवा आणि ते ४५० शब्द मुलाखतींना द्या. फारुकी राजवटीपासून १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम खानदेश वेगळे झाले तोपर्यंतची हकीकत पाण्याच्या लेखात कशासाठी हवी?

जुना मुद्रितशोधक, जळगाव
शिरपूरकर, तुमचे अर्धे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. कोणत्याही भागाला एक किमान गरज असते. त्याखाली गेल्यावर तो भाग नुसती जागा अडवतो आणि मग तो काढून टाकणेच योग्य असते. पण शेतातले फड एकमेकांवर अवलंबून नसतात, लेखातले भाग असतात. बंधारे कोणी बांधले, त्यांची देखभाल कोणाकडे होती आणि सरकारी व्यवस्था आल्यावर गावाच्या हातातून काय गेले, एवढे कळले नाही तर आजच्या स्थितीचा भाग अधांतरी राहील. इतिहासातून राजवटींची यादी काढावी, ही तीन उत्तरे ठेवावीत.

पांझराकाठ, आणखी एक. २,६०० शब्दांचे ४५० करणे हे छाटणीचे काम नाही. वाक्ये घट्ट करून, माझ्या अनुभवाप्रमाणे, फार तर पाचवा हिस्सा निघतो. ज्या भागाचे निम्म्याहून कमी शब्द ठेवायचे आहेत, तो जुना मजकूर मिटून कोऱ्या कागदावर नव्याने लिहावा. पुढच्या भागांना इतिहासातील काय काय लागते ते आधी टिपून घ्यावे आणि तेवढ्यावरूनच लिहावे. जुना मजकूर समोर राहिला तर प्रत्येक वाक्य आवश्यकच वाटते.

रेवा, नंदुरबार
प्रस्तावनेला ३०० शब्द फार कमी आहेत, असे मला वाटते. आमच्या बचत गटाचा अहवाल मी असाच कमी केला होता आणि प्रस्तावना एका परिच्छेदावर आणली होती. आमच्या तालुक्यातील लोकांना तो समजला, पण बाहेरच्या वाचकांनी पहिल्या पानावरच विचारले की हे गाव कोठे आहे आणि गटाला अडचण काय होती. पांझरा साक्री तालुक्यातून धुळ्याकडे येते, हे आपल्याला सांगावे लागत नाही, पण सांगली किंवा गोंदियाच्या वाचकाला सांगावे लागेल. मी प्रस्तावनेला किमान ५०० दिले असते.

जुना मुद्रितशोधक, जळगाव
रेवाताई, नदी कोठे आहे हे एका नकाशाने किंवा दोन वाक्यांनी सांगता येते. प्रस्तावना वाढवली की ते शब्द पाणीवाटपातूनच जाणार.

रेवा, नंदुरबार
नकाशा पाहून गाव सापडते, गावाची अडचण कळत नाही. वाचक पहिल्या पानावरच थांबला तर पाणीवाटपाचे १,३५० शब्द कोण वाचणार?

ग्रंथपाल, चाळीसगाव
तक्ते मर्यादेबाहेर आहेत, तेव्हा रचनेच्या भागातील गाववार बंधारे, त्यांचे फड आणि पिके यांची माहिती तक्त्यात घ्यावी. नुसती नोंद असलेली माहिती तक्त्यात चांगली बसते. पंचांचा निर्णय किंवा त्यामागचे कारण मात्र तक्त्यात ढकलू नये. मर्यादा चुकवण्यासाठी केलेले तक्ते संपादकांच्या लगेच लक्षात येतात. मुलाखतींतील अहिराणी वाक्ये आणि त्यांखालील मराठी अर्थ असे दोन्ही दिले असेल, तर त्या भागात प्रत्येक गोष्ट दोनदा मोजली जात आहे, तेही तपासावे.

पांझराकाठ
सर्वांचे मनापासून आभार. दोन दिवस बसून काम केले, त्याचा हिशेब येथे देतो.

इतिहास नव्याने लिहिला आणि तो ४८० शब्दांत बसला. राजवटींची यादी गेल्याचे वाईट वाटले, पण तिच्यावाचून पुढे काहीच अडले नाही. रचनेतील अकरा गावांचे वर्णन तक्त्यात गेले. मात्र त्या वर्णनातच पाटकरी कोण आणि त्याची नेमणूक कोण करते हे सांगितले होते, आणि ते निघून गेल्यामुळे पाणीवाटपात पाटकरी एकदम कोठून आला ते कळेना. तो परिच्छेद परत आणला, त्यामुळे रचना ७९० झाली. पाणीवाटप १,४२० वर थांबले. सात मुलाखतींपैकी दोनच ठेवल्या, त्यांतील एकच वाक्य अहिराणीत ठेवले, आणि तो भाग ७३० झाला. प्रस्तावना ३१०, समारोप १९०. एकूण ३,९२०.

राखीव २०० पैकी ८० शब्द अजून हातात आहेत. रेवाताईंचे म्हणणे मनातून जात नाही, म्हणून ते प्रस्तावनेला द्यावेत असे वाटते. पण विहिरींवर मोटारी आल्यावर पाळीचे पाणी घेण्याची गरज काही जणांना उरली नाही, हे एका वृद्ध पाटकऱ्याने सांगितलेले वाक्यही मला परत आणायचे आहे, आणि तेवढ्या शब्दांत दोन्ही बसत नाही.

शिरपूरकर
पाटकऱ्याचे वाक्य आणा.

रेवा, नंदुरबार
ते वाक्यच प्रस्तावनेत घेऊन पाहा. गावाची अडचण त्यातूनच कळेल.

जुना मुद्रितशोधक, जळगाव
तसे करायचे असेल तर आजच्या स्थितीच्या भागात त्या वाक्यावाचून काय उरते, ते आधी वाचून पाहा आणि मग हलवा.