अनुभव धागा : चेक टाकला, पैसे आले नाहीत. शाखेला काय लिहिलंत?

गोदाकाठची

गाळ्याची अनामत परत मिळाली, त्याचा 85,000 रुपयांचा चेक शुक्रवारी दुपारी शाखेच्या ड्रॉपबॉक्समध्ये टाकला. चेक दुसऱ्या बँकेचा. बुधवार उजाडला तरी ॲपमध्ये काही नाही, एसएमएस नाही. फोन केला की एकच उत्तर, "मॅडम, क्लिअरिंगला गेलाय, समोरच्या बँकेकडून यायचाय." शेवटी ईमेल केला, तो खाली देतेय. तुमचे चेक कुठे अडकले आणि काय लिहिल्यावर हलले ते सांगा. बँकेची नावं नकोत आणि नुसता वैतागही नको.

> विषय : चेक क्र. 004172, रु. 85,000, दि. 6 फेब्रुवारीला जमा, खात्यात नोंद नाही
>
> मा. शाखा व्यवस्थापक,
>
> वरील चेक माझ्या बचत खात्यासाठी (शेवटचे अंक 4410) 6 फेब्रुवारीला दुपारी आपल्या शाखेच्या ड्रॉपबॉक्समध्ये टाकला होता. आज 11 फेब्रुवारी. खात्यात रक्कम जमा नाही आणि चेक परत आल्याची नोंदही नाही. चेक देणाऱ्यांच्या खात्यातून रक्कम वजा झालेली नाही, असे त्यांनी कळवले आहे.
>
> चेक क्लिअरिंगला कोणत्या तारखेला पाठवला ते कृपया कळवावे. पाठवला नसल्यास कारण कळवून आजच पाठवावा. परत आला असल्यास मूळ चेक व रिटर्न मेमो द्यावा. चेक सापडत नसल्यास तसे लेखी कळवावे, म्हणजे पेमेंट थांबवून दुसरा चेक घेता येईल.
>
> चेकचा फोटो आणि स्लिपची काउंटरफॉइल सोबत जोडली आहे.

चहा_खारी

अहो, आता 3 तासांत चेक पास होतो! जानेवारीपासून नवा नियम आलाय. सरळ रिझर्व्ह बँकेकडे तक्रार ठोका, ईमेल कसले लिहिताय.

निवृत्त_क्लिअरिंगवाला

चहा_खारी, अर्धं बरोबर आहे. 3 तासांचा टप्पा 3 जानेवारी 2026 ला सुरू व्हायचा होता, पण डिसेंबरातच तो पुढे ढकलला. पहिला टप्पा मात्र 4 ऑक्टोबर 2025 पासून चालू आहे आणि ताईंच्या कामाचा तोच आहे.

पूर्वी शाखा दिवसभराचे चेक गोळा करून एकगठ्ठा पाठवायची. आता चेक आला की स्कॅन करून त्याची प्रतिमा लगेच पाठवायची असते. समोरच्या बँकेने त्याच दिवशी संध्याकाळी 7 पर्यंत हो किंवा नाही कळवायचं. काहीच कळवलं नाही तर चेक मंजूर धरला जातो. सेटलमेंट झाली की तासाभरात पैसे ग्राहकाच्या खात्यात द्यायचे.

आता फोनवरचं उत्तर पुन्हा वाचा. चेक खरंच शुक्रवारी किंवा शनिवारी गेला असता तर बुधवारी तो "समोरच्या बँकेकडे" असूच शकत नाही. म्हणजे तो एकतर गेलेलाच नाही, नाहीतर परत येऊन तुमच्या शाखेत पडलाय, नाहीतर पैसे येऊनही तुमच्या खात्यात टाकलेले नाहीत. देणाऱ्याच्या खात्यातून रक्कम गेली नाही म्हणताय, तेव्हा तिसरं बाद. ॲपमध्ये 'अनक्लिअर्ड' म्हणूनही दिसत नाही, म्हणून माझा अंदाज पहिल्याचा. ईमेलात तुम्ही पाठवल्याची तारीख मागितलीत ते फार चांगलं केलंत. "चेकचं काय झालं" असं विचारलं की "प्रोसेसमध्ये आहे" एवढंच येतं. तारीख सांगायची तर कोणाला तरी सिस्टीम उघडून बघावं लागतं.

सांगलीकर_दादा

आमचं खातं पतसंस्थेत. तिथं हे 7 वाजताचं गणित चालत नाही बघा. पतसंस्था आमचा चेक आधी तिच्या बँकेतल्या खात्यात भरते, पैसे तिला मिळतात आणि मग आमच्या खात्यावर नोंद होते. उसाच्या बिलाचा चेक असाच रखडला होता. मॅनेजर म्हणाले, "आमच्याकडं आला की टाकतो." मी विचारलं, तुमच्या बँकेच्या पासबुकात कधी आला ते दाखवा. दाखवलं तर पैसे कधीचेच आले होते, नोंद करणारा क्लार्क लग्नाला गेलेला. भावकीतलाच निघाला, मग काय बोलणार!

मृणाल_ठाणे

देणाऱ्याने चेकची माहिती आधी बँकेला कळवली होती का? माझा 6 लाखांचा चेक त्याच कारणाने परत आला होता. पॉझिटिव्ह पे म्हणतात ते. तुम्ही तुमच्या ॲपमधून चेक नंबर आणि रक्कम भरा, लगेच पास होईल.

गोदाकाठची

मृणाल, चेक मी दिलेला नाही, मला मिळालाय. मी कुठे भरणार?

निवृत्त_क्लिअरिंगवाला

ते भरायचं चेक देणाऱ्याने, त्याच्या बँकेत. ही सोय 50,000 आणि त्यावरच्या चेकसाठी असते. 5 लाखांपासून बँक ती सक्तीची करू शकते, म्हणून मृणालताईंचा परत आला असणार. 85,000 ला शक्यता कमी, पण देणाऱ्याला एकदा विचारायला हरकत नाही.

गोदाकाठची

अपडेट. ईमेलला शुक्रवारी सकाळी उत्तर आलं, त्याआधी दुपारच्या जेवणानंतर एक फोनही. चेक शाखेतच होता! मी स्लिप चेकला स्टेपल केली होती, पिन चेकच्या खालच्या पांढऱ्या पट्टीत गेली आणि तिथला एक अंक भोकात आला. मशीनने चेक बाहेर टाकला, कुणीतरी तो 'रिजेक्ट' लिहिलेल्या ट्रेमध्ये ठेवला आणि तिथेच राहिला. शाखेत जाऊन पाहिलं, ट्रेमध्ये आणखी तीन-चार चेक होते. फोनवर "क्लिअरिंगला गेलाय" म्हणणाऱ्यांनी ती ट्रे पाहिलीच नव्हती. मग अंक हाताने भरून चेक पाठवला. त्याच संध्याकाळी 85,000 जमा.

निवृत्त_क्लिअरिंगवाला

त्या पट्टीतले अंक मशीन वाचतं. चेक नंबर, त्यापुढे शहर-बँक-शाखेचा नऊ अंकी कोड, सगळं तिथंच असतं. पिन, घडी, शाईचा डाग काही चालत नाही. पण ट्रेमध्ये पडून राहण्याला पिन हे कारण नव्हे, तो शाखेचा आळस. आमच्या वेळी ट्रे रोज संध्याकाळी रिकामी करून वहीत लिहायची पद्धत होती.

आणि मोठ्या रकमेचा चेक ड्रॉपबॉक्समध्ये टाकूच नका. काउंटरवर द्या आणि काउंटरफॉइलवर शिक्का घ्या. काउंटरवर दिलेल्या चेकची पोच बँकेला नाकारता येत नाही.

चहा_खारी

शिक्का मागितला की "बॉक्समध्ये टाका" म्हणतात, त्याचं काय?

निवृत्त_क्लिअरिंगवाला

ड्रॉपबॉक्सवरच लिहिलेलं असायला हवं की काउंटरवर चेक देऊन पोच घेता येते. तेच बोट दाखवून सांगा.

गोदाकाठची

उशिराच्या व्याजाबद्दल विचारलंय. बचत खात्याच्या अडीच टक्क्याने धरलं तर दिवसाला 6 रुपयेसुद्धा होत नाहीत, पण मुद्दा तो नाही. उत्तर आलं, "पॉलिसीनुसार बघतो." कोणाला मिळालंय का?

सांगलीकर_दादा

आम्हाला तर चहा पण नाही मिळाला.

मृणाल_ठाणे

मला एकदा मिळालं होतं, मागितल्यावर. बँकेच्या वेबसाइटवर चेक कलेक्शन पॉलिसी असते, तिच्यातला उशिराच्या व्याजाचा मजकूर ईमेलात तसाच टाकला होता. पण तो दुसऱ्या शहरातला चेक होता, तुमच्या बाबतीत बँक काय मानेल सांगता येत नाही.

निवृत्त_क्लिअरिंगवाला

तक्रार लेखी करा आणि तिचा क्रमांक घ्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाता येतं. त्याआधी गेलात तर ते परत बँकेकडेच पाठवतात. पतसंस्था मात्र त्यात येत नाही, दादा, तुम्हाला सहकार खात्याकडे जावं लागेल.