मदत हवी आहे: सॉर्बिट्रेट दिल्यावर वडिलांचं बीपी कोसळलं, आता पायांना सूज, लघवीची गोळी द्यावी का?

विहीरकाठ
नमस्कार मंडळी. वडील ६४ वर्षांचे, ऊस करतात. बारा दिवसांपूर्वी पहाटे पोटाच्या वरच्या भागात जळजळ, दोन उलट्या आणि दरदरून घाम. आम्हाला पित्त वाटलं. घरच्या मशीनवर बीपी ११८/७६ होतं. चुलत्यांना मागे अटॅक येऊन गेलाय, त्यांनी आपल्याकडची सॉर्बिट्रेट वडिलांच्या जिभेखाली ठेवली. पाच-सात मिनिटांत वडील बसल्या जागी कोसळले. बीपी ७४/४८.

तालुक्याच्या दवाखान्यात ईसीजीमध्ये हृदयाच्या खालच्या भागाचा अटॅक निघाला. तिथल्या डॉक्टर मॅडमनी छातीच्या उजव्या बाजूला चकत्या लावून पुन्हा ईसीजी काढला आणि "उजवा कप्पा पण सापडलाय" म्हणत सलाईन सुरू केलं. मग शहरात अँजिओप्लास्टी झाली. उजवी धमनी अगदी सुरुवातीलाच बंद होती.

पाच दिवसांनी घरी सोडलं. बीपीसाठी आधी चालू असलेली लघवीची गोळी बंद केली आहे. आता तीन दिवस संध्याकाळी पाय सुजतात, बीपी ९८/६४ च्या आसपास. आईकडे लॅसिक्स या लघवीच्या गोळीची जुनी पट्टी आहे, चुलते म्हणतात अर्धी गोळी द्या. तपासणीला अजून आठ दिवस आहेत. मला समजून घ्यायचंय की सगळे अटॅकला जी गोळी देतात तिनं वडील का कोसळले, हृदयाच्या पेशंटला सलाईन का लावलं, आणि आता लॅसिक्स द्यावी का?

पेठेतले काका
लॅसिक्स बिनधास्त द्या. सूज म्हणजे अंगात पाणी साठलंय. मी सहा वर्षं रोज घेतो, गोळी चुकली की रात्री दम लागतो. पण तुमचा धागा वाचून धास्ती वाटली. मी बंद करू का?

रात्रपाळी
काका, तुम्ही मुळीच बंद करू नका. रात्री दम लागतो म्हणजे तुमचं पाणी फुप्फुसात साठतं, तो डाव्या बाजूचा त्रास. या धाग्यातला पेशंट वेगळा आहे, आणि म्हणूनच तुमचा सल्ला त्यांना लावता येत नाही.

विहीरकाठ, मी सतरा वर्षं हृदयरोगाच्या आयसीयूत डॉक्टर आहे. तुम्ही शेतकरी आहात, तर पाण्यावरूनच सांगतो. दोन मोटारी एकामागे एक आहेत असं समजा. पहिली विहिरीतून हौदात पाणी चढवते, दुसरी हौदातून शेताला देते. पहिली म्हणजे हृदयाचा उजवा कप्पा, विहीर म्हणजे शरीरभरच्या शिरा, आणि शेताला मिळणारा दाब म्हणजे बीपी. वडिलांची पहिली मोटार त्या पहाटे जवळजवळ बंद पडली. दुसरी बरीचशी चांगली होती, पण हौदातच पाणी येईना तर ती शेताला काय देणार? अशा वेळी रक्त पुढे सरकतं ते मुख्यतः विहिरीतल्या भरलेल्या पातळीच्या जोरावर.

आता सॉर्बिट्रेट काय करते? शिरा सैल करते. पाणी तेवढंच, पण विहीर एकाएकी रुंद झाली, म्हणजे पातळी खाली गेली. जो एकच आधार उरला होता तो गेला आणि बीपी कोसळलं. लघवीची गोळी विहीर रुंद करत नाही, पाणीच उपसून टाकते. वाट वेगळी, नुकसान तेच. वडील ती रोज घेत होते, त्यात उलट्या आणि घाम, म्हणजे पातळी आधीच उतरलेली असणार.

सह्यवाट
म्हणजे उपाय सोपा आहे की. पाणी कमी पडतंय तर सलाईन भरपूर द्यायचं, जितकं जाईल तितकं. माझ्या मावसभावाला असंच दोन-तीन लिटर दिलं होतं.

रात्रपाळी
सह्यवाट, अर्धं बरोबर आहे. सुरुवातीला आम्ही २५० मिली देऊन बघतो. बीपी चढलं, छाती साफ असली, तर पुन्हा थोडं. पण उजवा कप्पा पातळ भिंतीचा असतो. फार भरला की फुगतो आणि मधला पडदा डाव्या बाजूवर रेलतो. मग डाव्या कप्प्याला भरायला जागाच उरत नाही आणि सलाईन वाढवलं तरी बीपी उतरतं. मानेची शीर टम्म, बीपी तरी कमी, अशा वेळी सलाईन थांबवून दाब धरणारं औषध सुरू करावं लागतं. खरा उपाय बंद धमनी उघडणं हाच.

तुमच्या मॅडमनी फार मोलाचं काम केलं. नेहमीच्या ईसीजीत उजवा कप्पा नीट दिसत नाही. खालच्या भागाचा अटॅक दिसला की उजवीकडची पट्टी काढायची, त्यात व्ही-फोर-आर ही जागा मुख्य. ती लवकर काढावी लागते, कारण तिथला बदल काही तासांत पुसला जाऊ शकतो. बीपी कमी, मानेची शीर फुगलेली, पण फुप्फुसं साफ, हे तिन्ही एकत्र दिसलं की आमचे कान टवकारतात.

मोगऱ्याची वेल
मी रुग्णवाहिकेत काम करते. आम्हाला शिकवलंय की खालच्या भागाचा अटॅक असेल तर नायट्रेट, म्हणजे सॉर्बिट्रेटच्या जातीचं औषध, द्यायचंच नाही. पण अलीकडे काही अभ्यासांत खालच्या आणि बाकीच्या अटॅकमध्ये नायट्रेटनंतर बीपी पडण्यात फारसा फरक दिसला नाही म्हणतात. खरं काय?

रात्रपाळी
ताई, वाद आहे खरा. खालच्या भागाच्या प्रत्येक अटॅकमध्ये उजवा कप्पा सापडत नाही आणि ज्यांचा सापडतो ते सगळेच कोसळत नाहीत. पण बीपी ९० च्या खाली असेल किंवा उजव्या पट्टीत बदल असेल तर मी देत नाही. नायट्रेटनं छातीतली कळ कमी होते, बंद धमनी उघडत नाही. तेवढ्यासाठी हा धोका मला पत्करावासा वाटत नाही.

विहीरकाठ, आता सुजेबद्दल. लॅसिक्स घरी देऊ नका, पण ती वडिलांना कायमची वर्ज्य आहे असंही समजू नका. पहिल्या दिवसांत विहिरीची पातळी टिकवायची होती. आता उजवा कप्पा अजून मंद असेल आणि मागे पाणी तुंबत असेल, तर थोडी लघवीची गोळी योग्यही ठरू शकते. हे मानेची शीर बघून आणि इको करूनच ठरतं. दोन गोष्टी सांगा. सूज दोन्ही पायांना सारखी आहे का? अँजिओ मांडीतून केली की मनगटातून?

विहीरकाठ
दोन्ही पायांना सारखी. मनगटातून केली. वजन घरी आल्यापासून दोन किलो वाढलंय.

रात्रपाळी
मग आठ दिवस थांबू नका, उद्याच दाखवा. सूज एकाच पायाला असती तर आधी गुठळीची शंका घेतली असती. चक्कर, दम किंवा वरचा आकडा ९० च्या खाली गेला तर आज रात्रीच निघा. हा कप्पा बहुतेक वेळा बऱ्यापैकी सावरतो, कारण तो पूर्ण मेलेला नसतो, सुन्न झालेला असतो.

पेठेतले काका
गोळी चालू ठेवतो. विहीरकाठ, मी बिनधास्त म्हणालो ते मागे घेतो.

विहीरकाठ
आज दाखवून आलो. इकोत उजवा कप्पा आधीपेक्षा बरा, पण अजून कमी हलतोय. पोटातली मोठी शीर भरलेली आहे. डॉक्टरांनी लॅसिक्स २० दिली, तीही दवाखान्यात बसवून. दोन तासांनी बीपी ९६/६२ होतं, मग घरी सोडलं. रोज सकाळी वजन लिहायचं आणि परवा पुन्हा जायचं. चुलत्यांना एवढंच सांगितलंय की आपली सॉर्बिट्रेट दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. वडिलांनी पुढे कधी खिशात ठेवायची का, हे मात्र डॉक्टर परवाच सांगणार आहेत.