मदत हवी आहे: प्रवेशासाठीच्या रशियन पत्रातलं पहिलंच वाक्य अडलंय

मॉस्कोच्या एका विद्यापीठात एमएसाठी अर्ज करतोय, 'मोतिवात्सिओन्नोये पिस्मो', म्हणजे प्रवेश का हवाय हे सांगणारं पत्र, रशियनमध्येच लिहायचंय. मराठीत 'विद्यापीठात शिकतो' आणि 'विद्यापीठात प्रवेश घेतो' दोन्हींना एकच '-त'. रशियनमध्ये मात्र 'उचीत्सा व उनिव्हेर्सितेते', पण 'पस्तुपीत व उनिव्हेर्सितेत'. मी दोन्हीकडे शेवटी 'ते' लावून बसलो होतो! शिवाय विद्यापीठाला 'व', फॅकल्टीला 'ना'.

आता वाक्य असं आहे: 'या खच्यू पस्तुपीत व मागिस्त्रातूरू ना फिललगीचेस्की फाकुल्तेत.' विभक्ती बरोबर आहेत ना? आणि 'खच्यू', म्हणजे 'मला हवंय', फार थेट, हट्टी मुलासारखं वाटतं का? 'खतेल बी', म्हणजे 'मला आवडेल', जास्त नम्र, पण मग मला नक्की यायचंय की नाही असं समितीला वाटेल का? रशियात शिकलेल्या कुणी सांगाल का?