एफर्ट-इम्पॅक्टच्या चार चौकटी: डावीकडचं वरचं आधी, विषय संपला?

सरळरेघ (धागाकर्ता)
छोट्या टीममध्ये कुठलं काम आधी घ्यायचं यावर तासन्‌तास भांडणाऱ्यांनी एकदा हे करून बघा. आडव्या अक्षावर एफर्ट, उभ्यावर इम्पॅक्ट, दोन्ही १ ते १०. प्रत्येक कामाचा एक ठिपका. साडेपाचावर दोन रेघा. डावीकडचं वरचं आधी, उजवीकडचं खालचं फेकून द्या. वीस मिनिटांत विषय संपतो. ज्यांना हेही जमत नाही त्यांची अडचण प्राधान्यक्रमाची नाही, इच्छाशक्तीची आहे.

तिसरीबाजू
बाकी सगळं सोडून दिलं असतं, पण 'इच्छाशक्ती' वाचलं आणि राहवलं नाही.

तुमच्याच नियमाने तीन कामं बसवू. अपॉइंटमेंट घेण्याचं ॲप धरा, आणि एफर्टचे आकडे म्हणजे दिवस. आदल्या दिवशी आठवणीचा मेसेज पाठवणं: एफर्ट ५, इम्पॅक्ट ६. पैसे कापले गेले पण बुकिंग झालं नाही, अशी अडकलेली पेमेंटं आपोआप पुन्हा तपासणं: ६ आणि ९. नोंदी एक्सेलमध्ये उतरवायचं बटण: १ आणि ४.

तुमच्या रेघांप्रमाणे मेसेज पहिल्या मानाच्या चौकटीत, पेमेंट 'मोठं काम, बघू पुढे' मध्ये, बटण 'वेळ उरला तर' मध्ये. आता दर दिवसामागे काय पदरात पडतं ते काढा. बटण ४, पेमेंट दीड, मेसेज १.२. क्रम बरोब्बर उलटा! एका दिवसाच्या फरकाने पेमेंट रेघेपलीकडे गेलं, आणि ज्यांचे पैसे अडकलेत ते बसले वाट बघत.

असं होतं कारण सारखाच मोबदला देणारे ठिपके आडव्या किंवा उभ्या रेघेवर नसतातच. ते शून्यातून निघणाऱ्या तिरक्या रेघेवर असतात. रेघ जितकी उभी, तितका मोबदला जास्त. चौकटी त्या रेघेचे तुकडे करून वेगवेगळ्या खणांत टाकतात.

शिवाय रेघ मधोमधच का? स्वतः सुचवलेल्या कामाला इम्पॅक्ट ३ देणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. सगळं ६ ते ९ मध्ये. वरचा अर्धा भाग गच्च, खालचा ओसाड. मग कोणी तरी मध्यकावर रेघ मारायला सांगतो. त्याने निदान अर्धी कामं खाली जातात, पण सगळीच कामं फालतू असली तरी अर्धी 'महत्त्वाची' ठरतात.

सरळरेघ
वा, भागाकार! इम्पॅक्ट ८ म्हणजे ४ च्या दुप्पट असतो हे तुम्हाला कोणी सांगितलं? ते नुसते क्रमाचे आकडे आहेत. ८ हा ४ पेक्षा वर, एवढंच. त्यांना दिवसांनी भागून दीड आणि १.२ काढणं म्हणजे निव्वळ शोभा. म्हणून तर चौकटी. ढोबळ गोष्टीला ढोबळ साधन. आमच्या टीमने याच तक्त्यावर वर्षभर काम केलं आणि एकदाही भांडण झालं नाही.

कोपऱ्यातला
भांडण झालं नाही कारण आधीच्या नोकरीत आमच्याकडे जे झालं ते तुमच्याकडेही होत असणार. भिंतीवर चिठ्ठ्या लावल्या, सगळ्यांनी मिळून जागा ठरवल्या. मग साहेब आले, कॉफीचा मग एका हातात, आणि दुसऱ्या हाताने आपली चिठ्ठी उचलून तीन बोटं डावीकडे. "हे काही एवढं अवघड नाही." झालं. एफर्ट कमी झाला.

तिसरीबाजू
@सरळरेघ, क्रमाच्या आकड्यांचा मुद्दा रास्त आहे, नाइलाजाने मान्य. फक्त तो तुमच्यावरही उलटतो. ज्या आकड्यांमधलं अंतर माहीत नाही, त्यांना मोजपट्टीवर ठिपके करून बसवायचं आणि साडेपाचावर कापायचं, हे कुठल्या न्यायाने?

उपाय एकच. इम्पॅक्ट मोजता येईल अशा कशात तरी लिहा. त्या ॲपचंच घ्या. अडकलेल्या पेमेंटमुळे महिन्याला किती तक्रारी येतात? मेसेज नसल्यामुळे किती लोक यायचंच विसरतात? हे आकडे नोंदींत सापडतात. मग दुप्पट म्हणजे खरंच दुप्पट.

शेवटचीपायरी
दोघेही एफर्ट, एफर्ट करताय. कोणाचा एफर्ट?

मी टेस्टिंग करते. टीममध्ये तीन डेव्हलपर आणि टेस्टिंगला मी एकटी. मीटिंगमध्ये 'हे तीन दिवसांचं' असं ठरतं तेव्हा ते कोड लिहिण्याचे तीन दिवस असतात. माझे दिवस कुठल्याच अक्षावर नसतात. मग महिनाअखेरीला सगळी 'सोपी' कामं माझ्या दारात रांग लावून उभी, आणि वर विचारणा, टेस्टिंगला एवढा वेळ का लागतो?

सरळरेघ
ताई, टेस्टिंग धरूनच एफर्ट सांगायचा असतो. ते तुमच्या टीमचं अज्ञान आहे, तक्त्याचा दोष नाही.

शेवटचीपायरी
ताई नको, मुद्द्याला उत्तर द्या. टेस्टिंग धरून बेरीज केली तरी भागत नाही, तेच सांगतेय. वरचीच कामं घ्या. पेमेंटचे ६ दिवस: त्यातले कोडचे २, टेस्टिंगचे ४, कारण पैसे मध्येच अडकण्याचे सगळे प्रकार मुद्दाम घडवून बघावे लागतात. व्यवहार अर्धवट तुटला, उत्तर उशिरा आलं, तेच उत्तर दोनदा आलं. मेसेजचे ५: कोडचे ४, टेस्टिंगचा १. बटणाचा १: अर्धा-अर्धा.

बेरीज बघितली तर पेमेंट आणि मेसेज जवळपास सारखेच. पण टीममध्ये तुटवडा आहे टेस्टिंगच्या दिवसांचा. कोड लिहिणारे तिघे एका आठवड्यात पंधरा दिवसांचं काम देतात, माझ्याकडे दिवस पाच. त्या पाच दिवसांत एक पेमेंट बसतं आणि एक दिवस उरतो. किंवा मेसेजएवढी पाच कामं बसतात, आणि तेवढा कोड लिहायला लागणारे वीस दिवस तिघांकडे नाहीत, म्हणजे चारच्या आतच थांबाल. म्हणून आडव्या अक्षावर बेरीज नको, ज्या माणसापाशी कामं तुंबतात त्याचेच दिवस लिहा.

सरळरेघ
थांबा, थांबा. म्हणजे टेस्टिंगच्या एका दिवसामागे मेसेज ६ आणि पेमेंट सव्वादोन. मेसेज आधी! माझ्या चौकटींनी हेच सांगितलं होतं. @तिसरीबाजू यांचा 'बरोब्बर उलटा' कुठे गेला?

तिसरीबाजू
बंद पडलेलं घड्याळही दिवसातून दोनदा बरोबर वेळ दाखवतं. आणि बटण? अर्ध्या दिवसात ४, म्हणजे ८. ते अजूनही पहिलंच आहे, तुमच्याकडे मात्र 'वेळ उरला तर'. शिवाय परवा 'भागाकार ही शोभा' म्हणणारे आज भागाकार करून पेढे वाटताहेत.

मेसेज-पेमेंटचा क्रम फिरला हे मान्य, पण तो @शेवटचीपायरी यांच्या हिशोबाने फिरला, साडेपाचाच्या रेघेने नाही.

कोपऱ्यातला
आमच्याकडे टेस्टिंगच नव्हतं. साहेब स्वतः बघायचे.

मधलीओळ
माझ्या माहितीप्रमाणे हे आयझेनहॉवर मॅट्रिक्स आहे ना? त्यात तातडीचं आणि महत्त्वाचं असतं. एफर्ट कुठून आला? आम्ही तातडीचंच आधी करतो आणि उत्तम चाललंय. एकदा सर्व्हरच्या सर्टिफिकेटची मुदत संपली होती, सगळं बंद. तेव्हा तक्ता काढत बसलो असतो का?

तिसरीबाजू
ते वेगळं, हे वेगळं. चार चौकटी दिसल्या की सगळं एकच वाटतं.

पण सर्टिफिकेटचं उदाहरण चांगलं दिलंत, तुमच्या नकळत. मुदतीच्या आदल्या दिवसापर्यंत त्या कामाचा इम्पॅक्ट शून्य दिसतो, दुसऱ्या दिवशी दहा. ठिपका आज कुठे ठेवायचा? कुठेच नाही. तारखेला बांधलेली कामं तक्त्यावर ठेवूच नयेत, त्यांची यादी वेगळी. आधी ती बाजूला काढायची, मग उरलेल्या दिवसांसाठी तक्ता.

शेवटचीपायरी
आणि ठिपका हा ठिपका असतो हेच मुळात खोटं आहे. मला विचाराल तर पेमेंटचं टेस्टिंग ३ ते ८ दिवस. मीटिंगमध्ये सगळ्यांना एक आकडा हवा असतो, म्हणून ४ सांगितला. खरं तर ती आडवी पट्टी काढायला हवी, ३ पासून ८ पर्यंत. पट्टी रेघ ओलांडत असेल तर चौकटीवरून वाद घालण्यात अर्थ नाही. आधी अर्धा दिवस काढून बघायचं की पैसे अडकण्याचे प्रकार किती आहेत आणि त्यातले किती घडवून बघता येतात. तेवढ्यानेच पट्टी आखडते.

सरळरेघ
म्हणजे आता पट्ट्या, तिरक्या रेघा, तारखांची वेगळी यादी आणि प्रत्येकाचे वेगळे दिवस. चार माणसांच्या टीमला एवढं केल्यावर काम करायला वेळ उरेल का? वीस मिनिटांचं साधन होतं, तुम्ही त्याचं खातं उघडलंत.

शेवटचीपायरी
वेळ तुमचा वाचतो, तुंबतं माझ्याकडे. वर्षभर भांडण झालं नाही म्हणालात. तुमच्या टेस्टरला एकदा विचारून या, मग बोलू.

सरळरेघ
आमच्याकडे वेगळा टेस्टर नाही. सगळे सगळं करतात.

शेवटचीपायरी
अहो, मग हे आधी सांगायचं! सगळे सगळं करत असतील तर कोणा एकापाशी तुंबत नाही, बेरीज चालते. माझं म्हणणं तुम्हाला लागूच नाही. पण मग 'ज्यांना जमत नाही त्यांची इच्छाशक्ती' हे बाकीच्यांना ऐकवायचा हक्कही नाही.

सरळरेघ
ठीक आहे, ते वाक्य जरा जास्त झालं. रेघेचं मात्र मागे घेत नाही. तिरक्या रेघेने क्रम लावला की एका दिवसाची किरकोळ कामं कायम वर येतात. बटणासारखी दहा बटणं आली तर पेमेंट कधीच सुरू होणार नाही. चौकटीत निदान 'मोठं काम' असा खण असतो, ते डोळ्यांसमोर राहतं.

तिसरीबाजू
हा मुद्दा खरा आहे, आणि माझ्याकडे त्याचं चोख उत्तर नाही. मी मोठ्या कामासाठी ठरावीक दिवस आधीच बाजूला काढतो आणि उरलेल्यांतच तिरकी रेघ लावतो. किती काढायचे? तिथे पुन्हा अंदाजच.

कोपऱ्यातला
आमच्याकडे तेही साहेबच काढायचे.

मधलीओळ
बरं, तो अर्ध्या दिवसाचा तपास करायचा म्हणताय, त्याचा एफर्ट कुठल्या चौकटीत लिहायचा?

शेवटचीपायरी
माझ्या पाच दिवसांतून. दुसरीकडून कुठून येणार?