राउटरखालच्या स्टिकरवरचा पासवर्ड: तुमचे अनुभव लिहा

मृणाल_सांगली
काल नवीन राउटर बसला. उलटा करून स्टिकरचा फोटो काढला, मोठा करून पासवर्ड वाचला आणि बाबा आठवले. घरी पहिला राउटर आला तेव्हा ते भिंग घेऊन बसलेले, मी पुण्याहून फोनवर. "आठ, बी, गोल, डी…" गोल म्हणजे शून्य की ओ? पासवर्ड होता `8B0D5A1C`. बाबांनी ओ टाकला, मग शून्य टाकला तर बी च्या जागी आठ पडला. पाऊण तासाने लागलं. लगेच व्हिडिओ कॉल केला त्यांनी, मला नुसतं कपाळ दिसत होतं. आज ते नाहीत. तुमचेही अनुभव लिहा.

शिरीषकाका
मृणाल, वाचून भरून आलं.
तुमच्या पासवर्डात नुसते आकडे आणि A ते F दिसतायत. तसं असेल तर बहुधा गोल म्हणजे शून्यच. पण k, x असं काही दिसलं की हा नियम सोडा. मी मग त्याच स्टिकरवरचा मॅक ॲड्रेस बघतो. त्यात ओ कधीच नसतो, त्यामुळे तिथला गोल नक्की शून्य. छपाई तीच असेल तर त्याच्याशी ताडून बघायचं. आठ आणि बी मात्र दोन्ही त्यात येऊ शकतात, ते नीट निरखूनच बघायचे.

अनघा_डोंबिवली
आमच्याकडे आठ आकडी नंबर होता, तोच टाकत बसलो. घेतच नाही!

शिरीषकाका
तो डब्ल्यूपीएस पिन असणार, अनघा. वायफायचा वेगळा, Key किंवा Password लिहिलेला. admin च्या पुढचाही नाही, तो `192.168.1.1` सारख्या पानावर राउटरच्या सेटिंगसाठी.

अनघा_डोंबिवली
अय्या, तीनतीन पासवर्ड. कुकरची शिट्टी झाली, आले.

रोहन७७
एवढं कशाला? मागच्या भोकात पिन घालून दहा सेकंद दाबा, स्टिकरवरचा पासवर्ड परत चालू.

नीता_कोल्हापूर
नका हो! मी हेच केलं. बसवणाऱ्या मुलाने पासवर्ड बदलला होता, म्हणून स्टिकरवरचा चालत नव्हता. रिसेटनंतर वायफाय स्टिकरच्या नावाने आलं, जोडलंही गेलं, पण नेट गायब. कनेक्शनचं युजरनेम-पासवर्डही आतून पुसलं गेलं होतं. दोन दिवस लेकीचे ऑनलाइन क्लास बुडाले.

रोहन७७
माझ्याकडे तर आपोआप चालू झालं.

शिरीषकाका
काही कंपन्यांकडे सेटिंग लांबून परत येते, रोहन. सगळीकडे नाही. त्या मुलाला आधी फोन करावा.

प्रवीण_नाशिक
स्टिकरवर दोन नावं आहेत, एकाच्या शेवटी `_5G`. आईच्या जुन्या मोबाइलला ते दिसतच नाही. सिम ५जी नाही म्हणून का?

नीता_कोल्हापूर
सिमचा संबंध नाही. जुना फोन दुसरंच पकडतो, तेच जोडून द्या आईंना. पासवर्ड मात्र पुन्हा बघा, आमच्याकडे दोन्हीचे वेगळे होते.

अनघा_डोंबिवली
लागलं!! मृणाल, बाबांचं भिंग आहे का अजून?

मृणाल_सांगली
आहे ना. आई तांदूळ निवडताना घेते.